बांधकाम कामगार नोंदणी : नव्वद दिवसांच्या दाखल्यात या चुका टाळा

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करताना आधार, रेशनकार्ड, फोटो ही कागदपत्रे सहसा आड येत नाहीत. घोळ होतो तो ठेकेदाराच्या दाखल्यात. कायद्यानुसार कामगाराचे वय 18 ते 60 च्या दरम्यान असावे आणि मागील बारा महिन्यांत त्याने किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे. हे दिवस सलगच असावेत, असे मात्र कायदा म्हणत नाही.

‘तीन महिने म्हणजे नव्वद दिवस’ हा हिशेब सर्वांत जास्त नडतो. आमच्या ओळखीच्या एका गवंड्याने 1 फेब्रुवारी ते 30 एप्रिल 2023 असा दाखला आणला होता. 28, 31 आणि 30 मिळून दिवस भरतात 89, म्हणजे सुट्ट्या धरूनही एक दिवस कमी, आणि अर्ज परत आला. ठेकेदार चिडून म्हणाला, ‘‘एका दिवसाने काय बिघडतं?’’ मुकादमाची हजेरी वही उघडून पाहिली, तर तेरा रविवार वगळून प्रत्यक्ष हजेरी 76 दिवसांची होती. काम मे महिन्यातही चालू होते. रविवार आणि 1 मे सोडून मोजले, तेव्हा 17 मे रोजी नव्वदावा दिवस भरला. नवा दाखला 31 मेपर्यंतचा घेतला आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज केला. आठवड्याला एक सुट्टी असेल, तर नव्वद दिवसांना पंधरा आठवडे लागतात, म्हणून मी दाखला निदान चार महिन्यांचा मागतो आणि हजेरीच्या पानांचा फोटो सोबत ठेवतो.

दुसरी चूक अधीर माणसांची असते. नाक्यावर कोणीतरी तयार शिक्का मारलेला कागद पैसे घेऊन देतो, आणि ज्या ठेकेदाराचे तोंडही पाहिलेले नाही त्याच्या नावाने अर्ज भरला जातो. पडताळणीत कामाचे ठिकाण विचारले की गडी गडबडतो. असा कागद घेण्यापेक्षा पंधरा दिवस थांबलेले बरे, कारण खोट्या दाखल्यावर मिळालेली नोंदणी पुढे ऐन गरजेच्या वेळी अडकते. ठेकेदार खरोखरच दाखला देत नसेल, तर ग्रामसेवक किंवा नगरपालिका-महापालिकेचा अधिकृत अधिकारी हा मार्ग आहे.

दाखल्यावर ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, त्याची तारीख, सही आणि शिक्का हवाच; ऑनलाइन अर्जात हेच तपशील भरायचे असतात. नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे करून घ्यावे. दाखला कपाटात ठेवून वर्षभराने अर्ज करू नये, कारण बारा महिने अर्जाच्या तारखेपासून मागे मोजले जातात. नूतनीकरणालाही नव्याने 90 दिवस दाखवावे लागतात, त्यामुळे जुन्याच दाखल्याची झेरॉक्स जोडून काम भागत नाही.