साखळीने क्रम, कार्डाने तारीख : 1930 ते 1932 हा कालखंड पाठ करण्याची एक पद्धत

नाशिकमधील अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करताना आणि पुढे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना इतिहास समजावून सांगताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सनावळ्यांच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या जातात : घटनांचा क्रम आणि नेमकी तारीख. या दोन्हींसाठी एकच उपाय वापरू नये. क्रम कथेने पक्का होतो, तारीख मात्र ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आठवल्यानेच टिकते. या लेखात 1930 ते 1932 हा एकच कालखंड घेऊन ही पद्धत मांडतो, कारण ‘कालानुक्रमे लावा’ अशा प्रश्नांसाठी तो सोयीचा आहे आणि त्याचे पहिले टोक आपल्या पंचवटीतच आहे.

साखळी बांधण्याआधी तिच्यातून आरपार जाणारी एक व्यक्ती निवडावी. या कालखंडासाठी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची निवड करतो. बहुतेक विद्यार्थी गांधीजींपासून सुरुवात करतात, परंतु पहिल्या आणि तिसऱ्या गोलमेज परिषदेला गांधीजी नव्हते, त्यामुळे तेथे कथेचा धागा सुटतो. बाबासाहेब तिन्ही परिषदांना उपस्थित होते.

आता कथा अशी होते. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास, 12 मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले आणि 6 एप्रिलला त्यांनी मिठाचा कायदा मोडला. म्हणून सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली आणि मे महिन्यात गांधीजींना अटक झाली. त्यामुळे 12 नोव्हेंबर 1930 रोजी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा तेथे बाबासाहेब होते, पण काँग्रेस नव्हती. काँग्रेसवाचून निर्णयाला वजन येईना, म्हणून जानेवारी 1931 मध्ये गांधीजींची सुटका झाली आणि 5 मार्च 1931 रोजी गांधी-आयर्विन करार झाला. त्या करारामुळे गांधीजी 7 सप्टेंबर 1931 पासून भरलेल्या दुसऱ्या परिषदेला गेले. तेथे अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वावर एकमत झाले नाही, म्हणून ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी 16 ऑगस्ट 1932 रोजी जातीय निवाडा जाहीर केला. त्यातील अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात 20 सप्टेंबरला उपोषण आरंभले आणि 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, परंतु प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा 71 वरून 148 झाल्या. त्यानंतर 17 नोव्हेंबर 1932 पासून तिसरी परिषद भरली. पुन्हा बाबासाहेब होते आणि काँग्रेस नव्हती.

या कथेत ‘म्हणून’ आणि ‘त्याच सुमारास’ हे दोन जोड मी जाणीवपूर्वक वेगळे ठेवले आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण पद्धतीत सर्वाधिक काळजी येथेच घ्यावी लागते. काळाराम सत्याग्रह आणि दांडी यात्रा यांच्यात दहा दिवसांचे अंतर आहे, कार्यकारणसंबंध नाही. लक्षात राहावे म्हणून तेथे ‘म्हणून’ घातले तर क्रम पाठ होईल, पण काळाराम सत्याग्रह हा सविनय कायदेभंगाचाच भाग होता असा चुकीचा समज कायमचा बसेल, आणि विधान चूक की बरोबर या स्वरूपाच्या प्रश्नात तो नेमका नडेल. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची फाशीही, 23 मार्च 1931, करारानंतर अठरा दिवसांनी झाली. ती करारामुळे झाली नाही, म्हणून तिला ‘त्याच महिन्यात’ एवढाच जोड द्यावा. जोड खरा आहे याची पाठ्यपुस्तकातून खात्री झाल्याशिवाय ‘म्हणून’ लिहू नये.

कथा स्वतःच्या शब्दांत, अर्ध्या पानात, हाताने लिहावी. नंतर वही मिटून ती शेवटाकडून आरंभाकडे सांगून पाहावी : पुणे करार कशामुळे, निवाडा कशामुळे, दुसरी परिषद कशामुळे. पुढच्या दिशेने घडाघडा येते पण उलट सांगताना अडखळायला होते, अशा ठिकाणी जोड कच्चा आहे असे समजावे.

एवढे झाल्यावर कार्डे करावीत. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. प्रत्येक घटनेची दोन कार्डे होतात : एकावर घटना आणि मागे तारीख, दुसऱ्यावर तारीख आणि मागे घटना. ‘तिन्ही गोलमेज परिषदांच्या तारखा’ असे एक कार्ड केले, तर दोन आठवून तिसरी चुकली तरी आपण ते बरोबर धरतो. कार्डे पिसून घ्यावीत, कारण ती कथेच्या क्रमाने आली तर आधीचे कार्डच पुढचे उत्तर सुचवते.

उजळणीचे अंतर असे ठेवावे : त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने. त्यासाठी खोक्यात पाच-सहा कप्पे पुरतात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर मोठ्याने बोलावे किंवा लिहावे. उलटल्यावर ‘हे मला येतच होते’ असे वाटणे म्हणजे ओळखणे होय, आठवणे नव्हे, आणि परीक्षेतील जवळजवळचे चार पर्याय नेमके त्यालाच फसवतात.

या कालखंडात मार्च महिना सर्वाधिक गोंधळात टाकतो : 2 आणि 12 मार्च 1930, मग 5 आणि 23 मार्च 1931. गंगापूर रोडवरील अभ्यासिकेत एका विद्यार्थिनीने गांधी-आयर्विन कराराची तारीख 5 मार्च 1930 अशी सांगितली. दिवस बरोबर, साल चूक. मी तिला म्हटले, “ताई, ती तारीख साखळीत ठेवून बघा.” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “सर, तेव्हा तर दांडी यात्राही निघाली नव्हती, मग करार कशाचा करणार?” साल तिचे तिनेच दुरुस्त केले. कार्ड मात्र पहिल्या कप्प्यात गेले, कारण तर्काने काढलेले उत्तर परीक्षेच्या घाईत दरवेळी वेळेवर सापडेल असे नाही.

चूक कोणत्या प्रकारची आहे, यावरून उपाय ठरवावा. केवळ तारीख चुकत असेल तर कार्ड मागे न्यावे, बाकी काही बदलू नये. घटना पुढेमागे होत असतील तर कार्डे कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही. तेथे कथेतील तो जोड पुन्हा लिहावा लागतो. दोन तारखा सतत एकमेकींच्या जागी येत असतील, जसे पहिल्या परिषदेचा 12 नोव्हेंबर आणि तिसऱ्या परिषदेचा 17 नोव्हेंबर, तर दोघींना समोरासमोर आणणारे एक वेगळे कार्ड करावे : ‘दोन नोव्हेंबर कोणते, आणि त्यांच्यामध्ये कोणते दोन करार झाले?’

व्हाइसरॉयांची यादी किंवा वृत्तपत्रांची स्थापनावर्षे यांसाठी ही साखळी वापरू नये. तेथे एका नोंदीमुळे दुसरी घडत नाही आणि ओढूनताणून रचलेली कथा नोंदींहून अधिक अवघड होते. अशा याद्यांना कार्डेच पुरेशी आहेत. पुणे करारापुढे मात्र साखळी सहज वाढते. काळाराम मंदिराचे दार अनेक वर्षे लढूनही उघडले नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येथे ‘म्हणून’ हा जोड खरा आहे, फक्त मंदिरप्रवेशाचा अनुभव हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, हे कथेत लिहून ठेवावे. नागपूरची धम्मदीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची आहे. 13 आणि 14 ऑक्टोबर, मध्ये एकवीस वर्षे, असे कार्ड पहिल्या दिवसापासूनच जोडीने करावे.