गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवताय? इन्शुरन्सची ही तयारी आधी करा

मागच्या वेळी मी सगळं केलं होतं. किट मान्यताप्राप्त सेंटरवरून बसवलं, आरटीओत जाऊन आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ करून आणलं. आणि इन्शुरन्स कंपनीला कळवायचं राहिलं. आरसीवर चढलं म्हणजे कंपनीला आपोआप कळतं, असा माझा समज. कळत नाही. चार महिन्यांनी सिग्नलला टेम्पोने मागून ठोकलं, डिकीबरोबर सिलिंडरचं स्टँड आणि पाइपलाइन गेली. सर्व्हेअरने पॉलिसी उघडली, किटच्या रकान्यात शून्य. किटचे १९,००० खिशातून गेले, आणि बाकीचा क्लेमही ‘गाडीत न कळवलेला बदल’ म्हणून सहा आठवडे लटकला.

तर आता क्रमाने. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं संमतीपत्र घ्या, आरटीओ मागतोच. किट टाइप अप्रूव्हल, म्हणजे सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी, असलेलंच घ्या, आणि ती मंजुरी तुमच्या मॉडेलला लागू आहे का ते विचारा. ‘साहेब, सगळ्यांना चालतं’ या उत्तरावर दुकानातून बाहेर पडा. बिल पक्कं जीएसटीचं हवं, त्यावर किट आणि सिलिंडरचे नंबर हवेत. हाताने लिहिलेली चिठ्ठी पुढे कोणी बघतही नाही. बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

आता खरं काम. त्याच आठवड्यात इन्शुरन्स कंपनीला ईमेल करा. एजंटला फोन नाही, ईमेल. सोबत बिल, मंजुरीचा कागद, आरसी. आरसी व्हायला वेळ लागणार असेल तर आरटीओची पावती जोडून कळवून ठेवा. कंपनी गाडी बघायला माणूस पाठवेल किंवा फोटो मागेल, जास्तीचा प्रीमियम घेईल आणि एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल नोंदवल्याचा कागद, देईल. हा एंडॉर्समेंटचा कागद हातात येईपर्यंत काम झालेलं नाही. ‘सर, सिस्टीममध्ये टाकलंय’ म्हणजे झालेलं नाही. पैसे भरले म्हणजेही झालेलं नाही.

कागद आला की आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीचा, तक्ता उघडा. त्यात गाडी, इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज आणि सीएनजी किट असे वेगळे रकाने असतात. किटच्या रकान्यात रक्कम आकड्यात दिसली पाहिजे. नुसतं वर ‘इंधन: सीएनजी’ छापलंय म्हणून खूश होऊ नका.

खर्च किती? बाहेरून बसवलेल्या किटला साधारण किमतीच्या ४ टक्के लागतात, आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये. माझं किट ५२,००० चं. म्हणजे २,०८० अधिक ६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण वर्षाचे २,५२५ रुपये. मध्येच घेतलं तर उरलेल्या दिवसांपुरतेच. एवढ्यासाठी मी १९,००० घालवले. किंमत फुगवू नका, लपवूही नका. दरवर्षी घसारा धरून ती खाली येतेच.

म्युझिक सिस्टीमचं गणित तेच. कंपनीतून गाडीच्या किमतीत आलेली असेल तर वेगळं सांगायची गरज नाही. बाहेरून टाकलेला ॲम्प्लिफायर, वूफर, जादा दिवे हे इलेक्ट्रिकलमध्ये, तेही साधारण ४ टक्क्यांनी. सीट कव्हर, अलॉय व्हील नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये. ती रक्कम गाडीच्या आयडीव्हीत मिळवली जाते. पण वायरिंग कापून जोडू देऊ नका, कपलर आणि फ्यूज वापरायला लावा, आणि बसवणाऱ्याचं बिल ठेवा. गाडीला आग लागली की सर्व्हेअर पहिल्यांदा शोधतो ती हीच कापाकापी. आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार, म्हणजे कापून लांबी-रुंदी बदलणं वगैरे, असलं काही केलं असेल तर ते नुसतं इन्शुरन्सला सांगून सुटत नाही. आरटीओच पास करणार नाही.

नूतनीकरणाला सावध. ऑनलाइन नंबर टाकला की साइट कधी कधी गाडी साधी पेट्रोल म्हणून उचलते. ‘बाहेरून बसवलेलं सीएनजी किट’ अशी खूण तुम्हीच करायची असते, किंमतही तुम्हीच टाकायची. कंपनी बदलताना तर हमखास गळतं. स्वस्त कोटेशन दिसलं तर आधी किटचा रकाना बघा. बऱ्याचदा स्वस्ताईचं कारण तिथेच असतं.

बाकी: पीयूसी सीएनजीची करून घ्या. सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर ३ वर्षांनी, प्लेटवरची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. बिलं, एंडॉर्समेंट, किटचे चार फोटो ईमेलमध्ये. गाडी विकताना किटचे कागदही द्या. आणि हो, किटचा रकाना. आजच पॉलिसी उघडून बघा.