जर्नल क्लबमध्ये पेपर मांडताय? या चुका टाळा (मेसेल्सन-स्टालचा पेपर समोर ठेवून)

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला जर्नल क्लबची पाळी आली की बरेच जण जुना, गाजलेला पेपर निवडतात. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा १९५८चा पेपर त्यात हमखास असतो. ई. कोलायमध्ये डीएनएची प्रत कशी निघते याबद्दलचा हा पेपर जेमतेम बारा पानांचा आहे आणि त्याची भाषाही स्वच्छ आहे. अडचण एकच: निष्कर्ष बारावीपासून पाठ असल्यामुळे पेपर वाचायच्या आधीच सारांश डोक्यात तयार असतो. मेथड्स आणि फिगर मांडताना होणाऱ्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात, म्हणून उदाहरणाला हाच पेपर घेऊ.

पाठ्यपुस्तकातलं चित्र पेपरचं म्हणून दाखवणं

स्लाइडवर तीन उभ्या परीक्षानळ्या दिसतात. पहिलीत खाली एक पट्टा, दुसरीत मध्ये एक, तिसरीत मध्ये आणि वर असे दोन. हे चित्र पेपरात कुठेच नाही. पेपरातल्या चौथ्या फिगरमध्ये एकाखाली एक बारा आडव्या पट्ट्या आहेत. सेंट्रिफ्यूज फिरत असतानाच अतिनील प्रकाशात घेतलेले ते फोटो आहेत. डीएनए हा प्रकाश शोषतो, म्हणून जिथे डीएनए जमला तिथे गडद पट्टा दिसतो. घनता वरून खाली नाही, डावीकडून उजवीकडे वाढते. प्रत्येक फोटोशेजारी त्याचाच आलेख आहे आणि रेषेची उंची तिथल्या डीएनएच्या प्रमाणात आहे.

ही चूक झाली आहे का, हे एका प्रश्नात कळतं. कुणी विचारलं, "०.७ पिढीच्या नमुन्यात काय दिसतं?" आणि तुमच्या स्लाइडवर ०.७ नावाचं काही नसेल, तर तुम्ही पेपर मांडत नसून त्याची आठवण मांडत आहात. मूळ फिगर कापून मोठी करा आणि एका स्लाइडवर तेवढीच ठेवा.

मेथड्स क्रमाने उतरवून काढणं

दुसरी चूक मेहनती विद्यार्थ्यांची. मेथड्समधलं प्रत्येक वाक्य मराठी-इंग्रजी मिश्रणात स्लाइडवर येतं: किती मिनिटं फिरवलं, कशात मिसळलं, कोणत्या तापमानाला ठेवलं. दहा मिनिटं त्यातच जातात आणि फिगर येईपर्यंत समोरचे मोबाइल बघायला लागलेले असतात.

उलट दिशेने जा. फिगरवर बोट ठेवून विचारा: हा पट्टा इथे दिसायला आधी काय काय व्हावं लागलं? ज्या पायरीशिवाय फिगरचा अर्थ लागत नाही ती ठेवा, बाकीच्या पायऱ्या कुणी विचारल्या तर सांगा. मग या पेपरच्या मेथड्स एवढ्या उरतात:

"जिवाणू १४ पिढ्या फक्त जड नायट्रोजन, म्हणजे एन-१५ असलेल्या माध्यमात वाढवले. मग त्याच माध्यमात साधा नायट्रोजन, एन-१४, दहापट टाकला आणि घड्याळ सुरू केलं. ठरावीक वेळांना नमुने काढले, पेशी डिटर्जंटने फोडल्या आणि तो रस सीझियम क्लोराइडच्या द्रावणात मिसळून मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांच्या वेगाने २० तास फिरवला. डीएनए कुठे थांबला याचा फोटो घेतला."

प्रत्येक आकड्यामागे 'का' असेल तरच तो आकडा सारांशात ठेवा. इथे १४ पिढ्या का? प्रत्येक पिढीत जुना नायट्रोजन निम्मा होतो, त्यामुळे १४ पिढ्यांनंतर तो सोळा हजारांत एक भाग एवढाच उरतो. म्हणजे शून्य वेळेचा डीएनए खरोखर पूर्ण जड आहे असं धरता येतं. हे एक वाक्य बोललात की आकडा पाठ केलेला वाटत नाही. २० तास का, हा प्रश्न थेट पुढच्या चुकीशी जोडलेला आहे.

"जड डीएनए तळाला बसला"

हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक सादरीकरणात ऐकतो. ते चूक आहे, आणि मेथड्स न समजल्याची सर्वांत पक्की खूण आहे. इथे काहीही तळाला बसत नाही. सीझियम क्लोराइडचं द्रावण सुरुवातीला सगळीकडे सारखं असतं. इतक्या वेगाने फिरवल्यावर मीठ हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकतं आणि द्रावणात घनतेचा उतार तयार होतो. डीएनएची घनता सुमारे १.७१ आहे. द्रावणाची घनता जिथे नेमकी तेवढीच होते तिथे तो येऊन थांबतो आणि कितीही वेळ फिरवलं तरी तिथेच राहतो. हा समतोल साधायला वेळ लागतो, म्हणून २० तास.

जड आणि हलक्या डीएनएच्या घनतेत फरक आहे फक्त ०.०१४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. कोण किती वेगाने खाली जातो यावर भरवसा ठेवून एवढा फरक वेगळा दिसला नसता. पद्धतीची सगळी करामत इथे आहे, त्यामुळे मेथड्सना दिलेल्या वेळातला निम्मा वेळ या एका गोष्टीला दिला तरी चालेल.

फिगरचा अक्ष न सांगता निकालावर उडी मारणं

"इथे बघा, हायब्रिड बँड दिसतोय," असं म्हणून लेसर पॉइंटर फिरवला तर समोरच्याला काहीच दिसत नाही. आधी सांगा की आडवी दिशा घनतेची आहे. वरून खाली येताना वेळ वाढतो, पण तो मिनिटांत नसून पिढ्यांत मोजलेला आहे. पिढीचा काळ लेखकांनी जिवाणूंच्या वाढीवरून काढला. दोन प्रयोगांत तो ०.८१ आणि ०.८५ तास आला, म्हणजे साधारण पन्नास मिनिटं. वाढीची ती मोजणी तिसऱ्या फिगरमध्ये आहे. ती कंटाळवाणी म्हणून गाळली जाते, पण चौथ्या फिगरमधला वेळ तिच्यावरच उभा आहे. स्लाइड नको असेल तर तोंडी तरी सांगा.

मग एखादी पट्टी पूर्ण सोडवून दाखवा. ०.७ पिढी घेऊ. सुरुवातीला १०० जड रेणू होते असं समजा. ०.७ पिढीनंतर डीएनए २ चा ०.७ वा घात, म्हणजे १.६२ पट होतो: एकूण १६२ रेणू. अर्धसंवर्धी पद्धतीने प्रत निघत असेल तर ६२ जड रेणूंची प्रत निघून १२४ मधले, म्हणजे अर्धे जड रेणू झाले आणि ३८ जड तसेच राहिले. म्हणजे सुमारे ७७ टक्के मधल्या जागी आणि २३ टक्के जड जागी दिसायला हवेत. हलका पट्टा मात्र मुळीच नको. आता पट्टीकडे बघा: मधला पट्टा ठळक, जड पट्टा फिका आणि हलक्या जागी काही नाही. हाच हिशेब १.९ पिढीला केला तर मधले ५४ टक्के आणि हलके ४६ टक्के येतात, म्हणजे जवळजवळ सारखे. फोटोतही दोन्ही पट्टे साधारण सारखेच दिसतात. समोरच्यांना हे एकदा पटलं की उरलेल्या पट्ट्या ते स्वतः वाचतात, तुम्हाला दहाही पट्ट्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

शेवटच्या दोन पट्ट्या गाळणं

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही. बारापैकी खालच्या दोन पट्ट्या वेळेच्या क्रमात बसत नाहीत. त्यांच्यापुढे '० आणि १.९ मिसळून' आणि '० आणि ४.१ मिसळून' असं लिहिलेलं आहे. गोंधळ नको म्हणून प्रेझेंटर त्या कापून टाकतात. पण संपूर्ण फिगर त्या दोन पट्ट्यांवर टेकलेली आहे.

"मधला पट्टा अर्धा जड आहे" हे आपल्याला कसं कळलं? मधे दिसतो म्हणून? मधे म्हणजे नेमकं कुठे? ४० टक्क्यांवर असता तरी डोळ्यांना तो मधेच वाटला असता. मोजपट्टी म्हणून लेखकांनी शून्य वेळेचा जड डीएनए आणि ४.१ पिढीचा, बहुतांश हलका डीएनए एकत्र करून एकाच वेळी फिरवला. घनतेच्या अक्षावरची दोन टोकं त्यामुळे पक्की झाली. मग शून्य आणि १.९ मिसळले. १.९ च्या नमुन्यात मधला आणि हलका असे दोन्ही आहेत, शून्यातून जड आला, म्हणजे तिन्ही पट्टे एकाच द्रावणात, एकाच फेरीत शेजारी शेजारी आले. दोन वेगळ्या फेऱ्यांतल्या बारीक फरकांची शंकाच उरली नाही. त्यात मोजल्यावर मधलं शिखर हलक्या आणि जड शिखरांमधल्या अंतराच्या ५० टक्क्यांवर आलं, अधिक-उणे २.

सारांशात फिगरसाठी एकच आकडा ठेवायचा असेल तर तो हा. कुठलाही पेपर असो, वेळेच्या, मात्रेच्या किंवा लांबीच्या क्रमात न बसणारी पट्टी दिसली की आधी तिथे थांबा. बहुधा ती कंट्रोल असते.

दिसलेलं आणि अनुमान एकाच वाक्यात

"प्रत्येक नव्या रेणूत एक जुना धागा आणि एक नवा धागा असतो हे त्यांनी दाखवलं." सभ्य, सरळ वाक्य, पण पेपर एवढं म्हणत नाही. पेपर म्हणतो की रेणूतला नायट्रोजन दोन उपघटकांत समान वाटलेला असतो, हे उपघटक अनेक पिढ्या अखंड राहतात आणि प्रत निघाल्यावर प्रत्येक नव्या रेणूला जुन्यातला एक उपघटक मिळतो. हे निकाल वॉटसन-क्रिक मॉडेलशी जुळतात, असंही लेखक सांगतात. पण हे उपघटक म्हणजे एकेकटे धागेच आहेत हे सिद्ध झालेलं नाही, असंही त्यांनी त्याच पेपरात स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

त्या दिशेने त्यांनी केलेला प्रयत्न तापवण्याच्या प्रयोगात दिसतो. अर्धा जड डीएनए १०० अंश सेल्सिअसला तापवला तेव्हा त्याचे दोन पट्टे झाले, एक जड आणि एक हलका. हे मांडतानाही एक खड्डा आहे: तापवल्यावर डीएनएची घनताच वाढते. त्यामुळे या पट्ट्यांची तुलना न तापवलेल्या डीएनएशी केली तर जागा जुळत नाहीत आणि प्रेझेंटर गांगरतो. तुलना तापवलेल्या जड आणि तापवलेल्या हलक्या डीएनएशी करायची.

स्लाइडवर दोन रकाने करा. डावीकडे 'फोटोत काय दिसतं', उजवीकडे 'लेखक त्यावरून काय म्हणतात'. 'एका पिढीनंतर फक्त मधला पट्टा' हे डावीकडे. 'म्हणून जुना रेणू जसाच्या तसा टिकतो ही कल्पना बाद' हे उजवीकडे. 'धागा' हा शब्द डाव्या रकान्यात आला असेल तर तो खोडून 'उपघटक' लिहा.