पासबुकातल्या ओव्हरड्राफ्टपासून बँक जुळवणी: मुदत संपलेला चेक कुठे फसवतो

जुळवणी पत्रक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, असं धरून चालतो. पासबुकात जमा शिल्लक असेल तर बहुतेकांचं गणित सुटतं. तीच शिल्लक 'नावे' निघाली, म्हणजे ओव्हरड्राफ्ट असला, की मिळवायचं काय आणि वजा करायचं काय इथे हात थबकतो. त्यात एखादा मुदत संपलेला चेक आणि बँकेने परस्पर वळता केलेला विम्याचा हप्ता असला, तर पत्रक हमखास अडतं.

आधी चिन्हांचं बघू. पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, म्हणून तिथली नावे शिल्लक म्हणजे ओव्हरड्राफ्ट. तीच गोष्ट आपल्या रोखपुस्तकात बँकेच्या रकान्यात जमा शिल्लक म्हणून दिसते. चार प्रकारच्या सुरुवातींसाठी चार तक्ते पाठ करून घेण्याची पद्धत अजून चालते. माझं स्पष्ट मत आहे की ते तक्ते फाडून टाका. परीक्षेच्या ताणात कोणता तक्ता कुठला हेच आठवत नाही. त्याऐवजी प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारा: या बाबीमुळे रोखपुस्तकातलं कर्ज पासबुकातल्यापेक्षा जास्त दिसतंय की कमी? जास्त दिसत असेल तर मिळवा, कमी दिसत असेल तर वजा करा. ओव्हरड्राफ्ट हे कर्ज आहे एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की पुरे.

एक उदाहरण घेऊ. 31 मार्च 2025 रोजी पासबुकाप्रमाणे ओव्हरड्राफ्ट 18,400 रुपये. दिलेले पण बँकेत सादर न झालेले दोन चेक आहेत: 24 मार्चचा 5,500 चा आणि 12 डिसेंबर 2024 चा 4,000 चा. 28 मार्चला भरलेला 7,200 चा चेक 2 एप्रिलला वटला. बँकेने विम्याचा हप्ता 2,300 परस्पर भरला आणि ओव्हरड्राफ्टवरचं व्याज 350 नावे टाकलं. या दोन्हींची रोखपुस्तकात नोंद नाही.

आता तोच प्रश्न लावा. दिलेले चेक आपण रोखपुस्तकात आधीच लिहिले, बँकेने अजून पैसे दिले नाहीत, म्हणजे आपल्याकडे कर्ज जास्त दिसतं, म्हणून मिळवायचे. भरलेल्या चेकने आपल्याकडचं कर्ज कमी झालं, बँकेकडे व्हायचं आहे, म्हणून वजा. हप्ता आणि व्याज फक्त बँकेने लिहिलं, आपल्याकडे कर्ज तेवढं कमी दिसतं, तेही वजा.

पासबुकाप्रमाणे ओव्हरड्राफ्ट: 18,400
मिळवा, सादर न झालेले चेक (5,500 + 4,000): 9,500
वजा, न वटलेला चेक: 7,200
वजा, विम्याचा हप्ता: 2,300
वजा, व्याज: 350
रोखपुस्तकाप्रमाणे ओव्हरड्राफ्ट: 18,050

इथपर्यंत डिसेंबरच्या चेकने काही त्रास दिला नाही. रोखपुस्तक जसं आहे तसं ठेवून जुळवणी केली, तर तो इतर सादर न झालेल्या चेकांसारखाच वागतो. खरा सापळा रोखपुस्तक दुरुस्त करताना लागतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

भारतात 1 एप्रिल 2012 पासून चेक त्याच्या तारखेपासून 3 महिन्यांतच सादर करावा लागतो. त्याआधी ही मुदत 6 महिने होती. म्हणजे 12 डिसेंबरचा चेक 31 मार्चला मेलेला आहे. तो कुणी घेऊन गेलं तरी बँक पैसे देणार नाही. म्हणून दुरुस्त रोखपुस्तकात त्याची नोंद उलटवायची: बँक खाते नावे, ज्या धनकोला तो दिला होता त्याचं खाते जमा. ही रक्कम उत्पन्न नव्हे. चेक मेला तरी देणं जिवंत आहे. 'चेक रद्द, पैसे वाचले' असं समजून ती किरकोळ उत्पन्नात टाकणं ही साधी चूक नाही, त्याने नफाच खोटा होतो.

उलट नोंदीने ओव्हरड्राफ्ट 4,000 ने कमी होतो. हप्ता आणि व्याज लिहिल्यावर तो 2,650 ने वाढतो. 18,050 वजा 4,000 अधिक 2,650, म्हणजे दुरुस्त रोखपुस्तकाप्रमाणे 16,700. आता जुळवणी पत्रकात उरतं एवढंच: 18,400 अधिक 5,500 वजा 7,200, म्हणजे 16,700. जुळलं.

सापळा असा: चेक रोखपुस्तकात उलटवायचा आणि पत्रकातही सादर न झालेल्या यादीत ठेवायचा. मग पत्रकात 20,700 येतात आणि फरक पडतो बरोबर 4,000 चा. चेक यादीतून काढला पण रोखपुस्तकात उलटवलाच नाही, तरीही फरक 4,000 चाच. एक चेक, एकच जागा. उलट नोंदीची तारीख तेवढी नीट बघा. ती 5 एप्रिलची असेल, तर 31 मार्चच्या पत्रकात चेक सादर न झालेल्यांतच राहतो.

प्रत्यक्ष कामात याचं आणखी एक वाईट रूप दिसतं. धनको तक्रार करतो, त्याला नवा चेक दिला जातो, पण जुना उलटवायचा राहतो. मग रोखपुस्तकात तेच पैसे दोनदा गेलेले दिसतात, धनकोच्या खात्यावर विनाकारण नावे शिल्लक उभी राहते आणि मेलेला चेक महिनोन्महिने यादीत लोळत राहतो. यादीतल्या प्रत्येक चेकपुढे त्याची तारीख लिहा. नुसता क्रमांक आणि रक्कम लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

परस्पर वजावटींचं त्या मानाने सोपं आहे, दोन जागा सांभाळा. हप्त्याच्या सूचनेवरून कुणी रोखपुस्तकात 2,000 लिहून ठेवले असतील आणि बँकेने 2,300 वळते केले असतील, तर पत्रकात फक्त 300 वजा होतात, पूर्ण हप्ता नाही. दुसरं म्हणजे ओव्हरड्राफ्टची मर्यादा संपत आली असेल तर हप्ता परत जाऊ शकतो. काही वेळा पासबुकात तो आधी नावे पडून लगेच जमा झालेला दिसतो आणि परतीचं शुल्क वेगळ्या ओळीत असतं. तिथे हप्ता शून्य धरायचा आणि फक्त शुल्क घ्यायचं. नुसत्या नावे बाजूवर खुणा करत गेलात तर न भरलेला हप्ता भरला म्हणून लिहाल आणि पॉलिसी थकल्याचं कळणारही नाही.

तरी जुळलं नाही तर घाबरू नका, फरकच रस्ता दाखवतो. फरक एखाद्या बाबीइतका असेल तर ती सुटली आहे किंवा दोनदा आली आहे. नसेल तर त्याचं निम्मं करून बघा. वरच्या पहिल्या पत्रकात हप्ता चुकून मिळवला असता तर उत्तर 22,650 आलं असतं, फरक 4,600, निम्मे 2,300. चिन्ह चुकलं की फरक नेहमी दुप्पट येतो. हे दोन्ही लागू पडलं नाही, तरच मागच्या महिन्याचं पत्रक काढा आणि तिथली प्रत्येक उरलेली बाब या महिन्याच्या पासबुकात शोधा.