उसाच्या हंगामात डिझेल पिकअपची काजळी आणि पाचट

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की दौंड, इंदापूर, बारामतीकडे पिकअप दिवसभर फडात आणि वाडी-वस्तीवर फिरते. एका खेपेला चार-पाच किलोमीटर, मध्येच गाडी बंद, परत चालू. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीला नेमके हेच मानवत नाही.

अशा गाडीचा धूर दोन टप्प्यांत साफ होतो. आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. त्याच्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूचा पातळ लेप असतो आणि त्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले डिझेल यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. पुढे डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी. मधमाशीच्या पोळ्यासारख्या तिच्या नळ्या एकाआड एक टोकाला बंद असतात. त्यामुळे वायू भिंतीतून झिरपून बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते.

काजळी साचली की इंजिन जादा डिझेल सोडते, ते कन्व्हर्टरमध्ये जळते आणि गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापून काजळी जळून जाते. याला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्या वेळी रिकामे इंजिन थोडे जास्त फिरते, पंखा चालू राहतो, गरम वास येतो. अशा वेळी गाडी वाळलेल्या पाचटावर किंवा गवतावर कधीही उभी करू नका. खालून पेट घेतला तर गाडी आणि फड दोन्ही हातचे जातात. आधी उघड्या मातीवर किंवा डांबरी रस्त्यावर घ्या.

यवतजवळच्या एका बागायतदाराचे उदाहरण घ्या. दोन आठवडे गाडी फक्त शेत ते संकलन केंद्र. डीपीएफचा दिवा लागला तरी चालकाने प्रत्येक वेळी चावी काढली. अर्धवट राहिलेल्या जाळणीचे डिझेल ऑइलमध्ये उतरले आणि ऑइलची पट्टी वरच्या खुणेच्या वर गेली. पातळ झालेले ऑइल इंजिन झिजवते, म्हणून ते लगेच बदलावे लागले. ऑइल बदलून झाल्यावर, दिवा नुसता लागलेला होता आणि गाडीची ताकद उतरली नव्हती, म्हणून त्याने भाजी भरून सोलापूर रस्त्याने थेट मार्केट यार्ड गाठले. पन्नास-साठच्या एकसारख्या वेगाने, वाटेत न थांबता. दिवा विझला. ताकद उतरली असती, तर मात्र गॅरेजशिवाय इलाज नव्हता.

राख मात्र कशानेही जळत नाही. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घाला. नळीने पाणी मारून गाळणी धुऊ नका. ती काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याचेही ऐकू नका. सगळी काजळी आपल्याच वस्तीत पडते, आणि मागे बसलेल्या मजुरांच्या छातीत जाते.