धुक्यातले काका

डिसेंबरातल्या सकाळचा फोटो, मागे धुक्यात देवगिरी किल्ला. दुसऱ्या फोटोतून कापून घेतलेल्या काकांना फोटो एडिटरमध्ये दूरच्या बांधावर उभं करायचं होतं. उंची जुळली, पण कागद कापून चिकटवल्यासारखे दिसत होते. म्हणून लेयरची ओपॅसिटी ७० टक्के केली, तर काकांच्या पोटातून बांध दिसायला लागला!

घोळ काळ्या रंगात होता. मधल्या हवेचा उजेड मिसळत असल्यामुळे लांबचं काळं धुक्यात काळं राहतच नाही. बांधावरच्या कडुलिंबाच्या खोडाचा सगळ्यात गडद भाग आयड्रॉपरने मोजला: लाल ९२, हिरवा ९५, निळा ९९. काकांचे केस मात्र १२ च्या आसपास. मग फक्त त्यांच्या लेयरवर उजेड-गडदपणा बदलणारं Levels लावून Output Levels चं काळं टोक लाल, हिरव्या, निळ्यात अनुक्रमे ८५, ८८, ९३ वर नेलं. केस खोडाला जुळले. पांढरं टोक २३० वर आणल्यावर धोतराची चकाकी शेजारच्या चुन्याच्या भिंतीइतकी झाली.

पाय अजून टोचत होते, कारण धुकं जमिनीलगत दाट होतं. तिथे धुक्याचाच रंग घेऊन मऊ ब्रश दोनदा हलकेच फिरवला. शेवटी कडा खोडाच्या कडांइतक्या मऊ केल्या. काकांचा मूळ फोटो भर उन्हातला असता, तर अंगावरच्या कडक सावल्यांनी तरीही चुगली केली असती.