दुसऱ्यासाठी पीपीटी करताय? पहिली स्लाइड उघडण्याआधीच्या या चुका टाळा

"नवीन नोंदणी प्रणालीवर पंधरा स्लाइड्सची पीपीटी हवी आहे. बुधवारपर्यंत होईल ना?" एका विभागप्रमुख मॅडमचा असा निरोप आला आणि मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो. प्रणाली का आणली, ती कशी चालते, आतापर्यंत काय काय झालं, हे सगळं पंधरा स्लाइड्समध्ये नीट बसवलं. सोमवारी मॅडमनी फाइल पाहिली आणि म्हणाल्या, "छान झालीय. पण आम्हाला दुसऱ्या टप्प्याचा खर्च मंजूर करून घ्यायचाय. ते यात कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. निरोपात विषय होता, स्लाइड्सचा आकडा होता, तारीख होती. पीपीटी नेमकी कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग सोमवारी दुपारी फोनवर वीस मिनिटं बोललो आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. हा फोन आधीच केला असता तर कोणत्या चुका टळल्या असत्या, ते सांगतो.

विषयालाच उद्देश समजणं

"उद्देश काय आहे?" असं विचारलं तर बहुतेकजण "माहिती द्यायची आहे" असंच उत्तर देतात. ते खोटं नसतं, पण त्यावरून एकही स्लाइड ठरवता येत नाही. म्हणून मी आता प्रश्न बदलला आहे: "तुमचं बोलून झाल्यावर समोरच्यांनी काय करावं, अशी अपेक्षा आहे?" मॅडमचं उत्तर लगेच आलं, "दुसऱ्या टप्प्याला त्याच बैठकीत होकार द्यावा." या एका वाक्यानंतर माझ्या पंधरापैकी नऊ स्लाइड्स आपोआप बाद झाल्या. प्रणालीचा इतिहास कोणालाच नको होता. पहिल्या टप्प्यात काय साधलं, काय अडलं, पुढे किती खर्च आहे आणि तो आता न केल्यास काय होईल, एवढंच हवं होतं.

त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा: ही पीपीटी कोणी समोर उभं राहून सांगणार आहे, की ती मेलने जाणार आणि लोक आपापली वाचणार? वाचायच्या स्लाइडवर पूर्ण वाक्यं लागतात. बोलायच्या स्लाइडवर तीच वाक्यं असली तर लोक वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे लक्ष राहत नाही. "दोन्हीसाठी चालेल अशी कर" असं सांगितलं गेलं, तर एकच मधली फाइल करू नका. स्लाइड्स मोकळ्या ठेवा आणि तपशील खालच्या नोट्समध्ये किंवा वेगळ्या दोन पानांत द्या.

श्रोते किती, एवढंच विचारणं

खर्चाला होकार देणाऱ्या समितीत सातजण होते. पण कामाची माहिती पुढच्या प्रश्नांतून मिळाली: त्यातला निर्णय कोणाचा? त्यांना आधीपासून काय माहीत आहे? नकार आलाच तर कोणत्या कारणाने येईल? मॅडम म्हणाल्या की सातपैकी पाचजणांनी प्रणाली स्वतः वापरली आहे आणि वित्त पाहणाऱ्या सदस्यांनी मागच्या बैठकीत विचारलं होतं, "पहिल्या टप्प्याला उशीर का झाला?" म्हणजे उशिराचं कारण प्रश्नोत्तरांपर्यंत ठेवून चालणार नव्हतं. ते आम्ही तिसऱ्या स्लाइडवर घेतलं आणि खर्चाची मागणी त्याच्या नंतर, चौथ्या स्लाइडवर ठेवली.

पीपीटी मागणारी व्यक्ती आणि ती सांगणारी व्यक्ती वेगळी असेल, तर जास्त सावध राहा. मधल्या माणसाला ही उत्तरं बहुधा अंदाजाने माहीत असतात. प्रत्यक्ष बोलणाऱ्याशी दहा मिनिटं बोलायला मिळतील का, ते विचारा. संकोच वाटला तरी विचारा, कारण शेवटच्या दिवशी बदल तिथूनच येतात.

जागा न पाहता अक्षरं ठरवणं

लॅपटॉपवर सुबक दिसणारा तक्ता खोलीत वाचता येत नाही, कारण आपण पडद्यापासून हातभर अंतरावर बसून काम करतो. मॅडमची बैठक एका छोट्या खोलीत होती. भिंतीवर ५५ इंची टीव्ही आणि सर्वांत मागची खुर्ची साधारण ६ मीटरवर. अशा टीव्हीची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर असते, म्हणजे मागच्या माणसाचं अंतर पडद्याच्या उंचीच्या जवळजवळ नऊपट. माझ्या १४ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची सुमारे १७ सेंटिमीटर. त्याच्या नऊपट म्हणजे दीड मीटर. मी स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून दीड मीटर मागे उभा राहिलो. खर्चाच्या तक्त्यातला एकही आकडा वाचता येईना. अकरा ओळींच्या तक्त्याचे तीन आकडे झाले, ते यामुळे. जागेची मापं मिळाली की ही तपासणी कोणालाही जमते.

पडदा १६:९ आहे की जुना ४:३, हेही आधीच विचारा. १६:९ची स्लाइड ४:३ पडद्यावर लावली की वर-खाली काळे पट्टे येतात आणि पडद्याचा चौथा भाग वाया जातो. तयार फाइलचा आकार Slide Size मधून नंतर लहान केला, तर पॉवरपॉइंट Maximize आणि Ensure Fit असे दोन पर्याय देतो. पहिल्यात कडा कापल्या जाण्याची शक्यता असते, दुसऱ्यात मजकूर लहान होतो. दोन्हीत प्रत्येक स्लाइड हाताने पुन्हा जुळवावी लागते.

फाइल कोणाच्या संगणकावरून चालणार, हा प्रश्न तर हमखास राहून जातो. तुमचा फॉन्ट त्या संगणकावर नसेल तर दुसरा फॉन्ट लागतो आणि ओळी चौकटीबाहेर सांडतात. खोलीतलाच संगणक असेल, तर आदल्या दिवशी त्यावर फाइल उघडून पाहायला कोणाला तरी सांगा.

स्लाइड्सच्या आकड्यावरून वेळ धरणं

"पंधरा स्लाइड्स" हा मॅडमनी सवयीने सांगितलेला आकडा होता. वेळ विचारली तर कळलं, वीस मिनिटं. मग मी विचारलं, "प्रश्न याच वीसमध्ये धरायचे का?" हो, याच. प्रश्नांना पाच मिनिटं, सुरुवातीला सगळे स्थिरावेपर्यंत दोन, म्हणजे बोलायला उरली तेरा. एका स्लाइडला दोनेक मिनिटं लागतात, म्हणून सहा स्लाइड्स. हा हिशेब बोलून दाखवला की पंधरा स्लाइड्सचा आग्रह सहसा कोणी धरत नाही.

फोन ठेवल्यावर मी लगेच हा मेसेज पाठवला: "समितीचे सातजण, निर्णय दुसऱ्या टप्प्याच्या खर्चाचा. छोटी खोली, ५५ इंची टीव्ही, १६:९, खोलीतला संगणक. प्रश्नांसह वीस मिनिटं, सहा स्लाइड्स. वेळ कमी पडला तर कोणत्या स्लाइड्स वगळायच्या? बरोबर असेल तर कळवा, मग सुरू करतो." एखादी गोष्ट ठरलेली नसेल, तर तीही "असं धरून चाललोय" म्हणून इथेच लिहावी आणि ती कधी कळेल ते विचारावं. मॅडमचं उत्तर आलं, "बरोबर. वेळ कमी पडला तर दुसरी आणि पाचवी वगळा."

बैठकीत आधीचा विषय लांबला आणि मॅडमच्या वाट्याला बाराच मिनिटं आली. त्यांनी पहिली स्लाइड झाल्यावर 3 दाबून Enter केलं आणि थेट उशिराच्या कारणावर आल्या. तिथून खर्चाची स्लाइड, मग 6 आणि Enter दाबून शेवटची, आणि प्रश्नांना चार मिनिटं उरली.